आजी गिरणीत कामाला नाही

बसा पोरांनो. आपण गोंदियाचा तांदूळ विकतो, विशेषणं नाही. म्हणून ‘अस्सल’, ‘राजेशाही’, ‘आजीच्या हातची चव’ बाद. चिन्नोर सुवासिक, एचएमटी बारीक, कणी किती टक्के, एवढंच लिहा. कणीला ‘नाजूक मोती’ म्हणणारा एक होता. त्याला विक्री विभागाने पळवला.

शेतकरी खंडीत बोलेल, तुम्ही किलोत लिहा. किलोला इंग्रजी ‘एस’ जोडू नका, त्याने वजन वाढत नाही. पाव किलो म्हणजे २५० ग्रॅम, ‘०.२५ किलो’ नाही. आणि निव्वळ वजनाआधी ‘अंदाजे’ कधीच नको. आवेष्टित वस्तूंच्या २०११च्या नियमांनाच तो शब्द चालत नाही.

काय? तुमचं विद्यावेतन? अंदाजे पुढच्या महिन्यात.