एकशे अठरातले तेरा

रेडिओवर बोलणाऱ्या माणसाला बोट दाखवता येत नाही. वर्तमानपत्रवाल्याने तक्ता छापला की त्याचं काम झालं. वाचणारा चष्मा पुसून पुन्हा वाचतो. टीव्हीवाल्याच्या मागे बाण वरखाली नाचत असतात. रेडिओचा श्रोता मात्र त्या वेळी पोळी लाटत असतो, आणि नेमका आकडा सांगायच्या क्षणी त्याच्या घरचा कुकर शिट्टी देतो. हुकलेलं वाक्य पुन्हा ऐकवा म्हणायची सोय नसते. अशा श्रोत्याला पाच मिनिटांत कर समजावून सांगायचा, हे आमच्यासारख्या अधूनमधून आकाशवाणीकडे फिरकणाऱ्यांच्या वाट्याला कधी ना कधी येतंच.

3 सप्टेंबर 2025 ला जीएसटी परिषदेची बैठक झाली, 5, 12, 18 आणि 28 या चार दरांची जागा मुख्यतः 5 आणि 18 या दोघांनी घेतली, आणि 22 सप्टेंबरपासून, म्हणजे घटस्थापनेच्या मुहूर्तावर, नवे दर लागू होणार असं ठरलं. कार्यक्रम सांभाळणाऱ्या मॅडमचा फोन आला. "सोपं करा. घरातलं एकच उदाहरण घ्या. आणि कंपनीचं नाव नको हं."

घरातलं एकच उदाहरण! ऐकायला किती सोपं वाटतं. मी घरभर फिरलो. आधी फळीवरच्या तुपाच्या डब्यापाशी थांबलो. तूप 12 वरून 5 वर आलं होतं. पण आपल्याकडे निम्म्या घरांत साय विरजून तूप कढवतात, आणि त्या बायकांना विकतच्या तुपाबद्दल सांगणं म्हणजे आगाऊपणाच. मग नजर गेली खोबरेल तेलाच्या बाटलीकडे. दसरा-दिवाळी तोंडावर, अभ्यंगस्नान जवळ आलेलं, आणि केसांचं तेल 18 वरून 5 वर. उदाहरण हाताला लागलं असं वाटावं, आणि नेमका तिथेच खड्डा.

कारण शुद्ध खोबरेल तेल हे खायचं की डोक्याला लावायचं, हा या देशात वर्षानुवर्षं चाललेला खटला. अबकारी कराच्या जमान्यापासून तो सुरू होता. खाद्यतेल म्हटलं की कर कमी, केशतेल म्हटलं की जास्त. कर खात्याचं म्हणणं असं, की छोट्या बाटलीत भरलंय म्हणजे ते डोक्यालाच लावणार. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचंही एकमत झालं नाही. शेवटी डिसेंबर 2024 मध्ये तिघांच्या पीठाने सांगितलं, की बाटली लहान आहे एवढ्यावरून तेल केसांचं ठरत नाही. खाद्यतेलाच्या कसोट्यांना उतरत असेल आणि तसंच विकलं जात असेल, तर ते खाद्यतेल. आणि खाद्यतेलावर आधीपासूनच 5 टक्के. म्हणजे मी रेडिओवर "खोबरेल स्वस्त होणार" असं सांगितलं असतं, तर श्रोत्यांनी आपापली बाटली उलटी करून पाहिली असती आणि भाव तसाच राहिला असता. दाव्याची गंमत अशी, की निकालाला वर्ष व्हायच्या आत केसांचं तेलही 5 वरच आलं. आता ते तेल कोकणातल्या आमटीत घाला नाहीतर वेणीला लावा, सरकारला फरक पडत नाही.

उरली टूथपेस्ट. ती घरी कोणी कढवत नाही, भाजीत घालत नाही, आणि तिच्यावरून कोर्टात जावं असं कुणाला वाटलेलं माझ्या तरी ऐकिवात नाही. कर 18 होता, आता 5.

मॅडमचा दंडक असा, की लिहिलेलं आधी कुणाला तरी वाचून दाखवायचं, आणि ऐकणाऱ्याचे हात कामात हवेत. शेजारच्या काकू मेथी निवडत बसल्या होत्या. मी पहिलं वाक्य वाचलं, "टूथपेस्टवरचा कर 18 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर येणार आहे." काकूंनी मान वर न करता विचारलं, "म्हणजे तेरा टक्के कमी. आमची ट्यूब दीडशेची. साडेएकोणीस रुपये वाचणार ना रे?"

हिशेब तोंडी, चटकन, आणि चुकीचा. बरोबर हीच चूक महाराष्ट्रभर होणार होती, आणि घटस्थापनेला सकाळी कितीतरी वाण्यांच्या दुकानांत त्यावरून जुंपणार होती. आता माझ्या पाच मिनिटांत काय सांगायचं, ते काकूंनीच ठरवून टाकलं.

ट्यूबवर जो भाव छापलेला असतो, त्याच्या पोटात कर आधीच बसलेला असतो. 118 रुपयांची ट्यूब घ्या. त्यातले 100 मालाचे, म्हणजे कंपनी, वाहतूक, वाण्याचा नफा असं सगळं धरून. वरचे 18 कराचे. नव्या दराने मालाचे 100 तसेच राहिले आणि कर झाला 5. भाव 105. म्हणजे तेरा रुपये कमी झाले हे खरंच; पण ते तेरा 118 मधून गेले, शंभरातून नाही. शंभराच्या छापील भावावर धरलं तर सूट पडते साधारण अकरा रुपये. काकूंची दीडशेची ट्यूब साडेएकोणीसने नव्हे, साडेसोळाने उतरते आणि 133 रुपये 50 पैशांच्या आसपास येते.

"मग मधले तीन रुपये?" काकूंनी विचारलं.

"ते कधी नव्हतेच, काकू."

"सरकारचं असंच असतं," असं म्हणून त्यांनी मेथीची एक जून काडी बाजूला टाकली. मला वाटतं, इथे बिचाऱ्या सरकारचा दोष नव्हता. दोष टक्क्यांचा. टक्का कशावर धरलाय ते सांगितल्याशिवाय त्याला काही अर्थ नसतो, आणि बातमीत नेमकं तेवढंच गळतं.

मी संहिता पुन्हा लिहिली. आता कानाचा प्रश्न. "शंभराची वस्तू एकोणनव्वदला मिळेल" हे कागदावर ठीक दिसतं. हवेतून जाताना एकोणनव्वदचं एकोणऐंशी व्हायला वेळ लागत नाही. मग दुसऱ्या दिवशी वाणी आणि गिऱ्हाईक यांच्यात दहा रुपयांचं अंतर. म्हणून उरलेला भाव सांगायचाच नाही, उतरलेला सांगायचा: शंभराला अकरा कमी. अकरा हा सरळ आकडा आहे, त्याला कुणी दुसरं काही ऐकत नाही. तुपासारख्या 12 वरून 5 वर आलेल्या वस्तूंना याच रीतीने शंभराला सव्वासहा. हे दोन आकडे, बास. तिसरा सांगितला की पहिला सांडतो.

प्रसारण झालं आणि घटस्थापनेनंतर आठवड्याभरात फोनवरून प्रश्न घ्यायचा भाग होता. पुस्तकात न बसणारं सगळं तिथे येतं. एका गृहस्थांनी विचारलं, "मी रुपयाची शाम्पूची पुडी घेतो. अकरा पैसे कमी झाले म्हणता. वाणी म्हणतो, अकरा पैसे आणा, मी परत करतो." वाण्याचं चूक नव्हतं. 25 पैसे आणि त्याखालची नाणी 2011 च्या जूनअखेरीस चलनातून गेली. अकरा पैसे या देशात हिशेबाच्या वहीत असतात, खिशात नसतात. म्हणून अशा एक, पाच, दहा रुपयांच्या पुड्यांचा भाव तोच ठेवून आत माल वाढवायचा, असा मार्ग कंपन्यांनी धरला. तेव्हा स्वस्ताई बघायची तर भाव नव्हे, पुडीवरचं वजन वाचायचं. ते वाचायला माझ्या वयाला भिंग लागतं, ही गोष्ट वेगळी.

दुसऱ्या बाईंच्या ट्यूबवर जुनाच भाव होता. तोही खरा प्रश्न. 22 तारखेआधी छापलेला माल दुकानात पडून होता. त्यावर नव्या भावाची चिठ्ठी डकवायची मुभा सरकारने दिली होती. पण छापील भाव ही वरची मर्यादा असते. ट्यूबवर 150 लिहिलेले असले तरी 133 घ्यायला वाण्याला कुणी अडवत नाही. पाहायचं ते बिल: जिथे कर लावून छापील बिल मिळतं तिथे कराच्या दोन ओळी असतात, एक केंद्राची आणि एक राज्याची, आणि टूथपेस्टला त्या अडीच-अडीच असायला हव्यात. नऊ-नऊ दिसले तर दुकानदाराला विचारा, आणि त्याने ऐकलंच नाही तर ग्राहकांसाठी 1915 हा क्रमांक आहे. कोपऱ्यावरच्या छोट्या वाण्याकडे मात्र या ओळी शोधू नका. वर्षाची विक्री ठरावीक मर्यादेखाली असलेल्याला जीएसटीची नोंदणीच लागत नाही. त्याने कर भरलेला असतो तो माल आणताना, ठोक व्यापाऱ्याकडे. तो नव्या दराने आणलेला माल विकायला लागला की भाव उतरतो. जुना माल संपायची वाट पाहणारा वाणी लबाड असतोच असं नाही. त्याच्या फळीवरची ती ट्यूब त्याने 18 च्या हिशेबाने विकत घेतलेली असते. नोंदणी असलेल्याला तो जुना कर पुढच्या करातून वळता करून मिळतो, याला नाही. ही बाजू मी पाच मिनिटांत बसवू शकलो नाही, म्हणून फोनवर थोडी जास्तच बोललो. मॅडमनी काचेपलीकडून घड्याळ दाखवलं.

शेवटचा फोन आजींचा होता. आवाज खणखणीत.

"टूथपेस्ट झाली, कळलं. साबणाची वडी?"

"अंगाच्या साबणाची वडी पाचवर आली, आजी."

"आणि कपडे धुवायची पावडर?"

"ती अठरावरच आहे."

आजी क्षणभर थांबल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे ह्यांना धुतलं तर पाच, आणि ह्यांचा सदरा धुतला तर अठरा?"

मी "हो" म्हणालो तेवढ्यात मॅडमनी गाणं लावलं.