साडेचारचे साडेतीन

सांगलीतल्या हळदीच्या व्यापाऱ्याला स्पॅनिश यावी अशी कुणाचीच अपेक्षा नसते. ती माझी हौस. मुर्सियातल्या एका मसाला कारखान्याची खरेदी पाहणाऱ्या सेन्योरांना मी पहिल्याच मेलमध्ये स्पॅनिशमध्ये नमस्कार ठोकला आणि त्यांनी पुढचा सगळा व्यवहार त्याच भाषेत सुरू केला. मुर्सिया हे स्पेनच्या आग्नेयेला, पिमेंतोन नावाच्या लाल मिरचीपुडीसाठी नावाजलेलं शहर. तिथल्या लोकांना रंगाची पारख असते, म्हणून आमच्या राजापुरी हळदीतल्या कुरकुमिनचा अहवाल त्यांना समोरासमोर, म्हणजे स्क्रीनवर, समजून घ्यायचा होता. बैठक ठरली ३१ मार्च २०२५, सोमवार, त्यांचे सकाळचे दहा.

त्यांचे दहा म्हणजे आपले अडीच. हिवाळाभर हे साडेचार तासांचं गणित मी इतकं घोटलं होतं, की कॅलेंडरवर पेनाने 'दु. २.३० मुर्सिया' लिहिताना बोटंसुद्धा मोजावी लागली नाहीत. आदल्या दिवशी पाडवा होता. गुढी उभारली, श्रीखंड जरा जास्तच झालं. त्याच पहाटे, मार्चच्या शेवटच्या रविवारी, मुर्सियासकट स्पेनच्या मुख्य भूमीने दोन वाजले असताना घड्याळाचा काटा तीनवर नेला. युरोपीय संघ हे दरवर्षी याच रविवारी करतो, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी काटा मागे घेतो, आणि मला हे माहीत होतं. नुसतं माहीत असणं वेगळं आणि पाडव्याच्या दिवशी आठवणं वेगळं.

सोमवारी इस्त्रीचा शर्ट घालून, खाली बर्म्युडा तशीच ठेवून, मी दोन वाजून अठ्ठावीस मिनिटांनी लिंक उघडली. वेळेआधी दोन मिनिटं आल्याचा केवढा अभिमान! पडद्यावर मी एकटाच. बाजूच्या चॅटमध्ये सेन्योरांचे निरोप एकाखाली एक पडले होते. १.३४ ला 'आपण आहात का?', १.४१ ला 'काही अडचण आहे का?', आणि १.५० ला नुसतं 'बुएनो'. या शेवटच्या शब्दाचा सूर मराठीत सांगायचा तर 'असो' म्हणताना सासूबाई पदर झटकतात तसा.

हातोहात माफीपत्र लिहायला घेतलं. मी लिहिलं ते असं: आमच्याकडे काल नववर्ष होतं, गुढी म्हणजे बांबूला रेशमी वस्त्र, त्यावर तांब्या, तुमच्या देशाने घड्याळ पुढे नेल्याची मला कुणी कल्पना दिली नाही, तरी क्षमस्व, आपल्याला सोयीचं असेल तेव्हा कधीही, दुपारी भेटू. एवढ्यात पुढची स्पॅनिश संपली. शोभा नको म्हणून पुण्यातल्या माझ्या स्पॅनिशच्या मॅडमना ते पाठवलं. त्यांचा फोन आला तो ओरडतच.

"अहो, माफी मागताय की त्यांच्या सरकारची तक्रार करताय? तुमची वाट बघत त्या बसल्या होत्या, आणि तुम्ही सांगताय की त्यांचंच घड्याळ चुकलं."

मग त्यांनी माझ्या गुढीची काठी काढून टाकली, तांब्या काढला आणि वाक्यं रांगेत लावली. आधी 'एस्तिमादा सेन्योरा', आणि त्यापुढे स्वल्पविराम नाही तर दोन टिंबं. स्वल्पविराम ही इंग्रजीची सवय, स्पॅनिश पत्रात ती खटकते. नंतर लगेच 'ले पिदो दिस्कुल्पास पोर नो आबेर आसिस्तिदो आ ला रेउनिओन', बैठकीला हजर न राहिल्याबद्दल माफी मागतो. 'ले' म्हणजे आदराने 'तुमची'. मी घाईत 'ते' लिहून त्यांना अरेतुरे केलं होतं. कारण एकाच वाक्यात: घड्याळ बदलल्यावर वेळेचा हिशेब मी चुकीचा केला. मी. घड्याळाने नव्हे. मग 'आपला वेळ वाया गेला' हे मान्य करायचं, आणि तिथेच थांबायचं. दोनदा माफी मागितली की समोरच्याला आपली समजूत काढत बसावं लागतं, हे मॅडमचं मत. मलाही आता ते पटतं.

खरी झटापट झाली नव्या वेळेवर. 'आपल्याला सोयीचं असेल तेव्हा' यात मला नम्रता दिसत होती. मॅडमना दिसला आळस: "वाट त्यांनी बघायची आणि दिनदर्शिकाही त्यांनीच उलगडायची?" बरं, 'दुपारी' तरी ठीक? तर नाही. स्पेनमध्ये जेवण दोन-तीन वाजता होतं आणि त्यांची 'तार्दे' त्यानंतर सुरू होते, ती पार आठपर्यंत चालते. १९४० साली फ्रँकोच्या राजवटीत देशाचं घड्याळ लंडनऐवजी बर्लिनला जुळवलं गेलं, ते आजतागायत तसंच आहे, त्यामुळे तिथला सूर्य नेहमीच घड्याळाच्या मागून येतो. मी 'तार्दे' म्हटलं असतं तर आपल्याकडे ताटं मांडायची वेळ झाली असती.

म्हणून नेमकी तारीख हवी. मी ऐटीत सुचवलं, गुरुवार, १७ एप्रिल; तोवर प्रयोगशाळेचा नवा अहवालही हातात येईल. मॅडम म्हणाल्या, तो हुएवेस सांतो, पवित्र गुरुवार, सगळं बंद. बरं, मग ईस्टर झाल्यावर लगेच, मंगळवार, २२ एप्रिल? यावर त्या हसल्याच. ईस्टरनंतरच्या मंगळवारी मुर्सियात 'बांदो दे ला ऊएर्ता' असतो, गावच्या मळेकऱ्यांचा उत्सव. लोक शेतकऱ्यांचे जुने पोशाख घालून रस्त्यावर उतरतात. म्हणजे मी काढलेली प्रत्येक तारीख अचूकपणे सुट्टीवर पडत होती. इतकी अचूकता मला बैठकीच्या वेळेत दाखवता आली असती तर!

शेवटी मॅडमनी विचारलं, नव्या अहवालाशिवाय काही बोलता येणार नाही का? येणार होतं. जुना अहवाल होताच, आणि चुकलेली बैठक तीन आठवडे लोंबकळत ठेवण्यापेक्षा त्याच आठवड्यात झालेली बरी. मग वाक्य तयार झालं: 'ले प्रोपोंगो' गुरुवार, ३ एप्रिल, सकाळी १०.००, 'ओरा पेनिन्सुलार', भारतात दुपारी १.३०, हे जमणार नसेल तर शुक्रवार, ४ एप्रिल, त्याच वेळी. कृपया कळवावे. 'ओरा पेनिन्सुलार' हवंच, कारण कॅनरी बेटं एक तास मागे असतात आणि सेन्योरा मधूनच तिथल्या गोदामात जातात. दोन्ही देशांची वेळ शेजारी लिहायची म्हणजे हिशेब पुन्हा चुकला असेल तर तो समोरच्याला दिसतो. मला ही सोय फारच भावली. माझं गणित कुणीतरी तपासावं, ही माझी शाळेपासूनची इच्छा.

पाठवलं. अर्ध्या तासात उत्तर आलं, दोन ओळींचं: गुरुवार ठीक, आणि नववर्षाच्या शुभेच्छा. पाडव्याचं मी पत्रातून काढलं होतं, पण त्यांनी बहुधा स्वतःच शोधलं असावं. गुरुवारी दीड वाजता मी हजर, या खेपेला विजार घालून, आणि अहवालावर तासभर छान बोलणं झालं. नियमित बैठका ठरल्या, दर महिन्याच्या शेवटच्या सोमवारी, त्यांचे दहा, आपले दीड.

ऑक्टोबर उजाडला तेव्हा मी फार सावध होतो. २६ तारखेवर लाल पेनाने गोल केला, शेजारी 'काटा!!' लिहिलं. सोमवारी, २७ ला, पुढे की मागे याचा पुरता विचार करून मी दीडमधून एक वजा केला आणि साडेबारालाच इस्त्रीचा शर्ट चढवून बसलो. पाऊण वाजता सौ. डोकावली.

"कुणाची वाट बघताय?"

"मुर्सिया."

"ती कधी येणार?"

"अडीचला," मी म्हणालो, कारण तेवढ्यात मला बेरीज जमली होती.