सांधेजोड

स्लाइडवरच्या चार ओळींचा हजार शब्दांचा निबंध करण्याची कला महाविद्यालयांत आता पूर्णत्वास पोचली आहे. सरांच्या स्लाइडवर डावीकडे 'उपाय' होते: खडी फोडणे, सुकडी वाटप, 1977 चा रोजगार हमी कायदा. उजवीकडे 'परिस्थिती': 1972 चा दुष्काळ. क्रियापद एकही नाही. कशामुळे काय घडले ते सर तोंडी बोलले, म्हणजे ते अभ्यासक्रमाबाहेरचे.

विद्यार्थ्याने डावीकडून सुरुवात करून प्रत्येक ओळीचा शिस्तीत एक परिच्छेद पाडला. सांध्यांना 'तसेच' आणि 'त्याचप्रमाणे' लागले. शेवटच्या सांध्याला 'त्यामुळे' उरले. वाक्ये झाली: 'लोक खडी फोडत होते. तसेच सुकडी वाटली गेली. त्याचप्रमाणे कायदा झाला. त्यामुळे दुष्काळ पडला.'

एका विद्यार्थिनीने मात्र लिहिले, 'पाऊस हुकला, शेतात काम उरले नाही, म्हणून सरकारने खडीची कामे काढली. पुढे कामाचा हक्कच कायद्यात आला.' सगळा विषय दोन वाक्यांत! अशा उधळपट्टीने पाने कशी भरायची? तिला काठावर पास केले.

पहिल्याला 'ओघ उत्तम' असा शेरा मिळाला. त्याचा निबंध सरांनी पुढच्या वर्षाच्या स्लाइडसाठी ठेवून घेतला आहे. नवी ओळ तयार आहे: 'दुष्काळ निवारण – खडी फोडणे बंद.'