फोटोतला हापूस

एप्रिल लागला की आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सुप्रभातची फुलं मागे पडतात आणि आंबे सुरू होतात. पेटी उघडली की आत्या फोटो टाकते आणि खाली विचारते, "तयार झालेत का रे?" मग ज्यांनी आयुष्यात अढी लावलेली नाही तेही न्यायदानाला बसतात.

परवाच्या फोटोत पेंढ्यावर डझनभर हापूस होते, सगळे पिवळेधमक. काकांनी निकाल दिला, "आजच कापा." मी लिहिलं, "आत्या, पांढऱ्या ताटात घे आणि खिडकीशी नेऊन पुन्हा फोटो काढ." पिवळ्या दिव्याखाली हिरवा आंबाही पिवळट दिसतो. पांढरं काय ते फोन स्वतःच ठरवतो आणि खाली पिवळा पेंढा असला की त्याचाही अंदाज चुकतो. खिडकीतल्या फोटोत पाच आंबे पिवळे निघाले, बाकीचे पोपटी. मला बरंच वाटलं. अढीतले आंबे मागेपुढेच पिकतात. सगळे एकसारखे पिवळे आणि हाताला मात्र टणक, असं असेल तर कार्बाइडची शंका घ्यावी. त्याने फळ पिकवायला बंदी आहे. पण इथिलीनच्या खोलीत, परवानगीने पिकवलेले आंबेही एकाच रंगाचे होतात, तेव्हा नुसत्या रंगावरून कुणाला फाशी देऊ नये.

शिवाय आंबा आता किती पिकलाय एवढंच रंग सांगतो. झाडावरून उतरवताना तो चौदा आणे तयार होता की कोवळाच तोडला, हे खांदे सांगतात. ते देठाच्या वर चढलेले आणि देठाशी खळगा, असा आंबा निबर. कोवळाही पुढे पिवळा होतो, पण सुरकुततो आणि आंबटच राहतो. वरून काढलेल्या फोटोत खांदे दिसतच नाहीत, म्हणून आत्याला आंबे आडवे करायला लावले. "पासपोर्टचा फोटो काढतोयस का?" असं म्हणत तिने केले.

एकावर काळे डाग होते. देठापासून खाली ओघळलेला, कोरडा, तपकिरी पट्टा असेल तर तो चिकाचा. तो सालीपुरताच असतो. काळा, किंचित खोल गेलेला ठिपका बुरशीचा असू शकतो, आणि एका फोटोत या दोघांची ओळख पटेलच असं नाही. दुसऱ्या दिवशी त्याच आंब्याचा फोटो मागवला. ठिपका पसरला होता. तो आंबा लगेच कापायला सांगितला.

राहिला साका. कोयीजवळचा गर पांढरट, भुसभुशीत, आंबट होतो आणि सालीवर त्याची काही खूण नसते. त्यापुढे कॅमेरा काय करणार? सगळ्यांनी एकमताने पहिला नंबर दिलेला, भरल्या खांद्यांचा, बिनडागाचा हापूस आत्याने काल कापला आणि दोन फाकांचा फोटो टाकला. मधोमध साका.

काकांनी मिनिटाच्या आत लिहिलं, "मला फोटोतच शंका आली होती."