चार जणांची पाटोडी, चाळीस सोयरे

अकोल्याच्या सोयऱ्यांनी 'चार माणसं येतो' म्हटलं, की अमरावतीकराने समोर एक शून्य आपल्या मनाने लावून घ्यावं. मुलीला पाहायला चारच येतात. पसंती झाली की साक्षगंधाच्या बोलणीला मामे-मावसे, त्यांचे जवाई आणि एक 'घरचाच आहे' म्हणून ओळख करून दिलेला माणूस, असे सगळे बडनेऱ्याला उतरतात. आमच्या पुतणीच्या वेळी ते चाळीस झाले. मोठ्या वहिनींनी पाटोडी-रस्सा ठरवला आणि मला मोबाइलवरचा एक स्क्रीनशॉट दाखवला. मी हिशोबनीस म्हणून निवृत्त झालेलो, त्यामुळे गुणाकार माझ्याकडे.

स्क्रीनशॉट काढणाऱ्याने नेमकी 'किती जणांसाठी' ही ओळ कापली होती. उरलं होतं ते एवढं : बेसन 1 वाटी, त्याला पाणी 2 वाट्या, रश्श्याला कांदे 2, पाणी 5 वाट्या, 20 मिनिटं उकळा. माणसं शोधायची तर वड्या मोजाव्या लागतात. एका वाटीची एक थाळी थापली जाते, तिच्यात चोवीसेक वड्या पडतात, आणि भाकरीबरोबर माणूस सहा तरी खातो. म्हणजे कृती चौघांची. मी ऐटीत सगळ्याला दहाने गुणलं.

"भाऊजी," वहिनी म्हणाल्या, "गुणाकार बरोबर हाये. पण दहा चुली हायेत का आपल्या घरी?"

बेसन, तिखट, खोबरं निमूट दहापट होतं. भांडं आणि आच होत नाही. रश्श्याचं पाणीच बघा. चौघांच्या पातेल्यात 5 वाट्या घातल्या तर 1 वाटी उडून जाते, 4 उरतात. दहापट पाण्याचं, त्याच घडणीचं पातेलं तोंडाला दहापट रुंद नसतं; दोनपटीहून जरासंच जास्त असतं. त्यामुळे वाफ उडायची जागा साधारण साडेचारपटच वाढते. तेवढ्याच उकळीत दहा नाही, चार-साडेचार वाट्याच उडणार. हवा आहे 40 वाट्या रस्सा, तर ओतायचं पाणी 50 नव्हे, 44. वहिनींनी कागद न घेताच 44 च्या अलीकडे हात आवरला आणि बाजूच्या शेगडीवर आधणाचं पातेलं ठेवलं. दाट वाटला तर वरून घालता येतं; पातळ झालेल्या रश्श्यातून पाणी काढायची सोय अजून निघालेली नाही. मीठ-तिखटालाही त्यांचा हाच न्याय. हिशोबाच्या तीन चतुर्थांश आधी, उरलेलं चव पाहून.

वेळेची गंमत तर आणखी न्यारी. चौघांचा रस्सा चार-पाच मिनिटांत उकळीला येतो. 44 वाट्यांना त्याच शेगडीवर अर्धा तास लागला. उकळी आल्यावर मात्र 20 ची 20 मिनिटंच, दोनशे नव्हे. कांद्याचं तंत्र वेगळं. वीस कांदे एकदम तेलात टाकले की ते पाणी सोडतात आणि त्याच पाण्यात शिजत बसतात; लाल होत नाहीत. वहिनींनी चार घाण्यांत परतले. रंग आला, पण तास गेला, आणि तो तास स्क्रीनशॉटमध्ये कुठेच नव्हता.

बेसनाचीही तीच कथा. दहा वाट्या बेसन एका कढईत घोटायला पैलवान लागतो, तळ लागतो तो वेगळाच. म्हणून दोन-दोन वाट्यांचे पाच घाणे. प्रत्येकाला चारऐवजी साडेतीन वाट्या पाणी, कारण मोठ्या घाण्यातून वाफही कमी जाते. गोळा कढईच्या कडा सोडू लागला, त्याला तकाकी आली, ओल्या बोटाला चिकटेना, की उतरवायचा. थाळ्या दहा लागल्या. त्या वाचवायला मी सुचवलं, "पाच थाळ्यांत दुप्पट जाड थापू." दुप्पट जाड थर निवायला दुप्पटीहूनही जास्त वेळ घेतो. शेजारणीकडून पाच थाळ्या आणायला मलाच पाठवण्यात आलं.

तेलावर मात्र आमचं खरंच वाजलं. मी म्हणालो, तर्री वरच तरंगते. वरचा पसारा साडेचारपट, तर तेलही साडेचारपट पुरे. गणितात खोट नव्हती, पण पंगतीत होती. तेवढ्या तेलात पहिल्या पंगतीतले जवाई पळीने लालभडक वरचं घेऊन जातील आणि शेवटच्या पंगतीला उरेल पिवळं पाणी. ती पंगत बायकांची असते. लग्न मोडायचं असेल तर तिथूनच मोडतं. सातपटीवर तह झाला, शिवाय वाढताना पळी तळातून फिरवायची अट. पाटोड्या रश्श्यात सोडून ठेवल्या तर पंगत बसेस्तोवर फुगून फुटतात, म्हणून त्या ताटात वाढल्या आणि वरून रस्सा ओतला.

हात धुताना अकोल्याच्या विहीणबाईंनी वहिनींना विचारलं, "आमी घरी दोघंच. मंग याच्या विसाव्या भागानं घेऊ ना?"

मी घाईने म्हणालो, "44 भागिले 20, म्हणजे सव्वादोन वाट्या पाणी."

"यायचं आयकू नका," वहिनी म्हणाल्या. "लहान गंजात पाणी भसकन उडते. तीन वाट्या घ्या, आन् गॅसजवळून हालू नका."