कच्च्या वहीची बाजू

कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षात विद्यार्थ्याला ग्रामीण कार्यानुभवासाठी खेड्यात धाडतात. तिथं मुलगा कृषिदूत होतो, मुलगी कृषिकन्या होते आणि दोघांच्याही हाती दोन वह्या येतात. एक खिशात दुमडून ठेवायची कच्ची वही. तिच्यावर चिखलाचे डाग असतात, पानाच्या कडेला कुणाचा तरी मोबाइल नंबर असतो आणि मध्येच 'सा. २ पडला, कुत्रं?' अशी गूढ नोंद असते. दुसरी पक्की वही. हिला खाकी कव्हर, लाल शाईचा समास आणि रात्री दिव्याखाली घोटलेलं अक्षर. गुण पक्कीला मिळतात, कच्ची रद्दीत जाते. माझं म्हणणं एवढंच, की शेताची नोंद कच्च्या वहीत असते, पक्कीत उरतो तो हस्ताक्षराचा नमुना. शेतातला आकडा कधी, कशानं, कुणी आणि कशात मोजला हे सोबत असेल तरच त्याला अर्थ राहतो, आणि पक्की वही नेमकी तीच लवाजम्याची मंडळी दाराबाहेर थांबवते.

कापसाचंच घ्या. गुलाबी बोंडअळीवर नजर ठेवायला एकरी दोन कामगंध सापळे लावतात. मादीच्या गंधाच्या आमिषाला भुलून रात्री पतंग येतात आणि पिशवीत अडकतात. सगळे नरच, हे वेगळं सांगायला नको. सापळ्यात सलग तीन रात्री, दर रात्री आठ किंवा जास्त पतंग सापडले की नुकसानीची पातळी गाठली असं धरतात आणि फवारणीचा विचार सुरू होतो. आता पक्क्या वहीत लिहिलंय : 'सापळा क्र. १ – पतंग २४.' अक्षर सुरेख. पण हे २४ किती रात्रींचे? तीन रात्रींचे असतील तर रात्रीला सरासरी आठ पडले, म्हणजे पाणी नाकापर्यंत आलं. सापळा सहा रात्रींनी उघडला असेल तर रात्रीला चारच, म्हणजे औषधाचे पैसे वाचले. आणि तीन रात्रींतही दोन, तीन आणि एकोणीस असे आले असतील तर सरासरी आठ भरते, पण 'सलग तीन रात्री' ही अट मुळीच पुरी होत नाही. म्हणजे २४ हा एकच आकडा एका शेतकऱ्याला फवारायला लावू शकतो आणि दुसऱ्याला घरी झोपवू शकतो. सापळा आधी कधी रिकामा केला, ही तारीख कच्च्या वहीत असते. पक्कीत तिच्यासाठी रकानाच नसतो.

त्याहून अवघड प्रकरण शून्याचं. सापळ्यात एकही पतंग नाही, याचे निदान तीन अर्थ होतात. पतंग खरोखर नाहीत. किंवा आमिषाची वडी जुनी झाली. तीन-चार आठवड्यांत तिचा गंध ओसरतो आणि नरांनाही मर्यादा असतात. किंवा सापळा वाऱ्यानं आडवा झालाय आणि पतंग वरून फिरून जातायत. पक्क्या वहीत तिन्ही घटना '०' या एकाच सुबक गोलात मावतात. न मोजलेला दिवसही पुष्कळदा याच गोलात शिरतो, कारण रिकामा रकाना पाहून सर विचारतात, शून्य पाहून विचारत नाहीत. खरं तर मोजलं आणि सापडलं नाही ही माहिती आहे. मोजलंच नाही हीसुद्धा माहितीच आहे, फक्त वेगळी. शिवाय शून्याची खातरजमा करायला शेतातच दुसरा साक्षीदार उभा असतो. फुलं चाळून पाहावीत. गुलाबाच्या कळीसारखं मिटून राहिलेलं फूल, म्हणजे डोमकळी, दिसलं की आत अळी आहे असं समजावं. वीस हिरवी बोंडं फोडावीत. दोनांत जिवंत अळी निघाली की दहा टक्के झाले आणि तीही धोक्याची पातळीच. सापळा शून्य म्हणतो आणि डोमकळ्या हजर आहेत, असं दिसलं तर चौकशी सापळ्याची करायची. पण त्यासाठी सापळ्याचा आकडा आणि फुलांचा आकडा एकाच दिवसाचे हवेत. पक्क्या वहीत सापळे पान बारावर असतात आणि फुलं पान एकतीसवर, आणि दोघांची भेट परीक्षेच्या दिवशीसुद्धा होत नाही.

मातीच्या मोजमापात वेगळी गंमत होते. मीटर आकडा दशांशासकट दाखवतो, त्यामुळे त्याच्यावर विश्वास बसतो. मराठवाड्याच्या काळ्या रानात सामू साधारण साडेसात ते साडेआठच्या घरात असतो. तिथं मीटर ५.८ म्हणाला, तर मातीला आम्ल ठरवण्याआधी मीटरची जबानी घ्यावी : ७ सामूच्या प्रमाण द्रावणात बुडवल्यावर तो ७ म्हणतो का? बहुधा म्हणत नाही. पिशवीतून महिनाभर फिरलेला इलेक्ट्रोड कोरडा पडलेला असतो. मीटर शहाणा निघाला तर पाळी नमुन्याची. शेतात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्ही आकाराचे खड्डे घ्यायचे, वीतभर खोलीपर्यंतची माती सगळीकडून सारखी खरवडायची, सगळी एकत्र करून चार भाग पाडायचे, समोरासमोरचे दोन टाकायचे आणि असं करत अर्धा किलोवर यायचं. झाडाखाली, बांधालगत आणि शेणखताच्या ढिगाच्या जागी खोदायचं नाही. हे पाठ सगळ्यांना असतं. पण भर उन्हात झाडाखाली न खोदणं ही केवळ शास्त्रीय अट नाही, ती शरीराची परीक्षा आहे. त्यामुळे 'नमुना कुठून घेतला' याचा हाती काढलेला वेडावाकडा नकाशा कच्च्या वहीत असेल, तर मी त्या दशांशावर विश्वास ठेवीन. नसेल, तर त्या सेंद्रिय कर्बात निंबाचा पाला किती, असा संशय मला येत राहील.

खरी कसोटी मात्र निविष्ठांच्या नोंदीत लागते, कारण शेतकरी एका मापात बोलतो आणि वही दुसऱ्या मापात मागते. शेतकरी सांगतो, "दोन एकराला दीड पोतं डीएपी आणि एक युरिया." वहीला हवं असतं हेक्टरी नत्र. विद्यार्थी जागेवरच गुणाकार करतो आणि उत्तर तेवढं लिहितो. आपणही करू. डीएपीचं पोतं पन्नास किलोचं, म्हणजे पंचाहत्तर किलो. त्यात अठरा टक्के नत्र, म्हणजे साडेतेरा किलो. युरियाचं एक पोतं. पुस्तकातल्या सवयीनं तेही पन्नासचं धरलं तर ४६ टक्क्यांनी तेवीस किलो नत्र. एकूण साडेछत्तीस, क्षेत्र ०.८ हेक्टर, म्हणजे हेक्टरी ४६ किलो. पण युरियाचं पोतं आता ४५ किलोचं येतं. तसं धरलं तर उत्तर ४३. आता शेताकडे पाहा. दोन एकर हे सातबाऱ्यावर आहेत. त्यातली विहीर, गोठा, कडब्याची गंजी आणि रुंद बांध वजा केला तर कापूस उभा आहे सत्तर गुंठ्यांवर, म्हणजे ०.७ हेक्टरवर. उत्तर ४९. एकाच शेतकऱ्यानं एकाच दिवशी टाकलेलं एकच खत ४३, ४६ किंवा ४९ होतं, आणि तिन्ही बेरजा गणिती दृष्टीनं बरोबर आहेत. 'दीड पोतं, एक पोतं, दोन एकर म्हणाले' हे मूळ शब्द कुठं तरी लिहिलेले असतील तर चूक कधीही दुरुस्त करता येते. नुसतं ४६ लिहिलं असेल तर ती चूक आता शास्त्र झाली. फवारणीत हेच टोपणामुळे होतं. "पंपाला दीड टोपण" या नोंदीत माप आहे ते कंपनीच्या बाटलीचं. टोपण दहा मिलिलिटरचं असेल तर पंधरा मिलिलिटर, पंचवीसचं असेल तर साडेसदतीस. तेव्हा टोपण पाण्यानं भरून एकदा सिरिंजनं मोजावं आणि एकरी किती पंप झाले तेही लिहावं. पंपांची संख्या नसेल तर एकरी औषध किती पडलं हे कुणालाच काढता येत नाही.

यावर आक्षेप येणार. पहिला असा, की पोतं आणि टोपण ही काय शास्त्रीय मापं झाली? नाहीतच. म्हणून तर ती रूपांतर करण्याआधी लिहायची. किलो आणि हेक्टर शेजारच्या रकान्यात घालायला कुणाची ना नाही. आधीचं पुसू नका एवढीच विनंती. दुसरा आक्षेप मोबाइलवाल्यांचा : ॲपमध्ये जागा आणि वेळ आपोआप नोंदते, मग कच्ची वही कशाला? विद्यार्थी कुठं उभा होता हे ॲप चोख सांगतं. तो सापळ्यात पाहत होता की क्रिकेटच्या धावा, हे सांगत नाही. तिसरा आक्षेप खरा जड आहे : खाडाखोड असलेल्या वहीला गुण कोण देणार? इथं मी परीक्षकांची बाजू घेतो. त्यांना फार तपास करावा लागत नाही. खोटी वही तिच्या नीटनेटकेपणानंच सापडते. झाडांची उंची ४५, ५०, ५५, ६० अशी पाचाच्या पायऱ्या चढत जाते. खरी झाडं असं शिस्तीत वाढत नाहीत. निवडलेली पाचही झाडं पायवाटेलगतची आणि गुटगुटीत असतात. महिनाभराच्या नोंदी एकाच शाईत आणि एकाच तिरकसपणात असतात. आणि ज्या दिवशी ओढ्याला पूर येऊन गावाची एसटी बंद होती, त्या दिवशीही सकाळी सात वाजता पतंग मोजलेले असतात.

शेरा नावाच्या रकान्याबद्दलही दोन शब्द बोललं पाहिजे, कारण त्याच्यावर सर्वांत अन्याय झालाय. त्यात वरपासून खालपर्यंत 'समाधानकारक' एवढंच लिहिलेलं असतं. इंग्लंडातल्या रॉदमस्टेड केंद्रात १८४३ पासून एकाच रानात गव्हाचे प्रयोग चालू आहेत. १९१९ साली तिथं रोनाल्ड फिशर नावाचा तरुण गणिती साठलेल्या जुन्या नोंदी उपसायला बसला. उत्पन्नातला वर्षावर्षाचा पावसाचा खेळ बाजूला काढल्यावर त्याला एक संथ चढउतार दिसला, आणि खत तर दरवर्षी तेच होतं. त्याचा संशय गेला तणावर, म्हणजे निंदणी कोण आणि किती करत होतं यावर. आपल्याकडे निंदणीच्या बायका मिळाल्या नाहीत, गवत गुडघ्याला लागलं, ही गोष्ट जेवताना बोलायची मानतात. वहीत तेव्हा 'समाधानकारक' असतं. कापूस का कमी आला याचं उत्तर शोधणाऱ्याला मग नत्राचे दशांश चाळत बसावं लागतं.

गावात एक वही मात्र कधी गोल आकड्यात चालत नाही : कृषी सेवा केंद्राची उधारी. तिथं तारीख असते, पोती असतात, बिलावर औषधाचा बॅच नंबरसुद्धा असतो. म्हणून काही विद्यार्थी शेतात न जाता बिलावरूनच निविष्ठा उतरवतात. पण बिल खरेदीचं असतं, वापराचं नसतं. वरच्याच शेतकऱ्याच्या बिलावर डीएपीची तीन पोती आहेत आणि रानात पडलं दीड. उरलेलं दीड मेहुणा बैलगाडीत घालून घेऊन गेला. बिलावरून लिहिणाऱ्यानं इथं स्फुरद दुप्पट लावलं. मेहुण्याच्या गावातही एक कृषिदूत आहे, तोही बिलावरूनच लिहितो. त्याच्या पक्क्या वहीत त्या रानाला स्फुरद शून्य, आणि शेऱ्यात पिकाची वाढ पाहून आश्चर्य व्यक्त केलेलं आहे.