उत्तरार्धातील उमेदवारांसाठी सूचना

प्रस्तुत सूचना पंचावन्न ते सत्तर या वयोगटातील विधुर व घटस्फोटित पुरुषांसाठी आहेत. बायकांसाठी वेगळ्या काढण्याचं कारण दिसत नाही, कारण बायका आपापसांत बोलतात. पुरुष बोलत नाहीत आणि बोललेच तर शुगरबद्दल बोलतात. लेखिका स्वतः विधवा असून कोथरूडला राहते, आणि जोडीदार शोधणाऱ्या बऱ्याच गृहस्थांबरोबर तिने कॉफी प्यायलेली आहे. त्यांपैकी एकाचा उल्लेख यापुढे ‘बँकवाले’ असा येईल. निवृत्त मॅनेजर आहेत, ओळखले तर ओळखले.

नियम 1. पहिल्या भेटीला कागदपत्रं आणू नयेत. बँकवाल्यांनी वैशालीत डोसा यायच्या आत प्लास्टिकच्या फोल्डरमधून लिपिड प्रोफाइल काढून माझ्यासमोर ठेवलं होतं. ट्रायग्लिसराइड्स चांगले होते, ते मी मान्य केलं. त्यानंतर त्यांनी ते वाक्य उच्चारलं जे प्रत्येक उमेदवार उच्चारतो: “एकट्याला जेवण जात नाही हो.” या वाक्याचे दोन अर्थ होतात. एकाला समोर बसून जेवणारं माणूस हवं असतं, दुसऱ्याला वाढणारं. कोणता आहे हे ओळखायला फार हुशारी लागत नाही. सकाळचा चहा कोण करतं, एवढंच विचारावं. “सून देते” म्हणणाऱ्याला शुभेच्छा देऊन रिक्षा करावी. बँकवाले म्हणाले, “मीच करतो, आलं किसून, पण ते गाळणं धुवायला कंटाळा येतो.” दुसरी भेट ठरली ती त्या गाळण्यामुळे.

नियम 2. गेलेल्या बायकोबद्दल बोलावं. बोलू नये असा सल्ला सगळीकडे मिळतो, तो चुकीचा आहे. तीस वर्षांच्या संसाराबद्दल ज्याच्याकडे सांगायला काही नाही, त्याच्याकडे माझ्याबद्दलही काही नसणार. घटस्फोटितांनी पहिल्या पत्नीबद्दल निदान एक चांगली गोष्ट पाठ करून यावी. सगळा दोष तिचाच होता असं ऐकलं की मी बिल मागवते. मर्यादा फक्त आमटीची. “हिच्या हातची आमटी” हा विषय कोणत्याही परिस्थितीत काढू नये. हार घातलेला फोटो दिवाणखान्यात शोभतो. पलंगासमोर असेल तर जागा बदलावी, पण ती पाहुणी यायच्या दहा मिनिटं आधी बदलू नये, भिंतीवरचा फिका चौकोन दिसतो.

नियम 3. लग्नाची घाई करू नये, कारण हिशेब आडवा येतो. माझे यजमान खासगी कारखान्यात होते. त्यांच्या मागे मला ईपीएस-95 मधून विधवा पेन्शन मिळते, आणि पुन्हा लग्न केलं की ती थांबते. रक्कम सांगितली तर तुम्ही हसाल, पण ती माझी आहे. तिकडे बँकवाल्यांचा फ्लॅट त्यांच्या स्वतःच्या कमाईचा. उद्या आम्ही लग्न केलं आणि ते मृत्युपत्र न करता गेले, तर हिंदू वारसा कायद्याने मी आणि त्यांची दोन मुलं सारख्या वाट्याचे, म्हणजे तिघांना एक एक तृतीयांश. त्यांच्या मुलाच्या चेहऱ्यावर ते गणित मला पहिल्याच भेटीत वाचता आलं. बिचाऱ्याने मला ‘मावशी’ म्हणायला दोन कप चहा घेतला.

लग्न न करता एकत्र राहिलं तर पेन्शन राहते, पण वारसाहक्क शून्य. शिवाय हॉस्पिटलच्या फॉर्मवर ‘नाते’ या रकान्यात काय लिहायचं हा प्रश्न उरतो. म्हणून मृत्युपत्र करावं. दोन साक्षीदार लागतात, ते शक्यतो आपल्यापेक्षा तरुण आणि ज्यांना काही मिळणार नाही असे निवडावेत. बँकवाल्यांनी लिहिलं: फ्लॅट मुलांचा, पण मी त्यांच्या मागे हयात असेपर्यंत तिथे राहू शकते. नॉमिनी लावलाय ना, मग झालं, असं त्यांचे मित्र म्हणत होते. नॉमिनी हा फक्त ताबा घेणारा असतो, मालक नव्हे. हे बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाला मला सांगावं लागलं नाही, तेवढ्याने मला त्यांच्याबद्दल ओढ वाटली. कोणाला काय पाहून ओढ वाटेल, सांगता येत नाही.

नियम 4 माझ्या बहिणीने वाचून खोडला.

नियम 5. शरीर. या विषयावर दिवसाउजेडी, चष्मा लावून, चहा पिताना बोलावं. रात्री बोलायचं ठरवलं की दोघांनाही झोप येते.

पुरुषांनी प्रथम खिशातली औषधं आठवावीत. हृदयाच्या दुखण्यासाठी जिभेखाली ठेवायची नायट्रेटची गोळी जवळ बाळगणाऱ्याने मित्राने दिलेली ‘ती’ गोळी, म्हणजे सिल्डेनाफिल, घेऊ नये. दोन्ही मिळून रक्तदाब इतका कोसळतो की जीव जाऊ शकतो. ‘ती’ घेतल्यावर छातीत दुखलंच, तर डॉक्टरांना पहिल्या वाक्यात तसं सांगावं. लाज नंतर वाटून घेता येते. ज्यांना डॉक्टरांनी परवानगी दिली आहे त्यांनी तासभर आधी घ्यावी आणि त्या संध्याकाळी तुपातली पुरणपोळी टाळावी, कारण तेलकट-तुपकट जेवणाने परिणाम उशिरा सुरू होतो. आणि ती गोळी इच्छा निर्माण करत नाही. इच्छा समोरच्या माणसाशी नीट बोलून निर्माण होते, हे मी या वयात मोठ्या माणसांना सांगते आहे. हृदय तपासायला पर्वतीच्या 103 पायऱ्या चढायची गरज नाही; दोन जिने धाप न लागता, छाती न भरून येता चढता येत असतील तर बहुतेकांचं भागतं. बँकवाले तरीही पर्वती चढून आले आणि मला फोटो पाठवला.

बायकांबाबत उमेदवारांना काही ठाऊक नसतं, म्हणून लिहिते. पाळी थांबल्यावर आतला ओलावा कमी होतो, त्वचा पातळ होते आणि दुखतं. याचा अर्थ ‘हिला नको आहे’ असा नाही. औषधाच्या दुकानात पाण्याच्या आधाराचं ल्युब्रिकंट मिळतं, ते आणावं. तेवढ्याने भागलं नाही तर स्त्रीरोगतज्ज्ञ इस्ट्रोजेनचं क्रीम देतात. पाळी थांबून वर्ष झालेलं असेल आणि परत रक्त दिसलं, तर ते ‘उष्णतेने’ म्हणून सोडू नये, तपासून घ्यावं. निरोध वापरावा, मूल होणार नसलं तरी संसर्गाला वयाचं बंधन नाही. त्यासोबत खोबरेल तेल मात्र नको, तेलाने रबर फाटतं. ही माहिती दिल्यावर बँकवाले बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “घरात पॅराशूटचा मोठा डबा आहे.” तो डोक्याला लावा म्हटलं.

एरवी गुडघ्याखाली उशी घ्यावी, कवळी कुठे ठेवायची ते आधी ठरवावं, आणि पहिल्या काही वेळा काहीच जमलं नाही तर नुसतं पाठीवर हात ठेवून पडून राहावं. मला तर निम्मा वेळ तेच हवं होतं. कित्येक वर्षं मला डॉक्टर आणि शिंपी सोडून कोणी हात लावला नव्हता.

नियम 6. मुलांना कळवावं, परवानगी मागू नये. माझा मुलगा बेंगळुरूहून रोज रात्री साडेनऊला फोन करतो, मी जेवले का ते विचारायला. त्याला सांगून टाकलं आहे की शनिवारी करू नकोस. “का, कुठे जातेस?” म्हणाला. कुठे नाही, म्हटलं, घरीच असते.